मोठेपणी शिकलेल्या मराठीतले 'ळ' आणि 'च'

प्रश्न: बायको लखनौची, वय 29. लग्नानंतर मराठी शिकली, छान बोलते, पण 'ळ' आणि 'च' चुकतात. वडील म्हणतात, बारा वर्षांनंतर उच्चार कधीच सुधारत नाहीत. खरं आहे का?

तुमच्या वडिलांचं वाक्य आमच्या घरी, इंदुरात, काकांच्या तोंडी असायचं. वहिनी कानपूरची, लग्न होऊन आली तेव्हा पंचविशी ओलांडलेली. पहिल्याच गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अजून थोडी वेल लागेल, पोल्या होतायत." काकांनी सगळ्यांच्या देखत निकाल दिला, "बारा वर्षांनंतर जीभ वळत नाही, हे शास्त्र आहे." त्या दिवसापासून वहिनी चार माणसांत हिंदीच बोलायला लागली. मी व्यवसायाने स्पीच थेरपिस्ट. कोणी अडाणीपणाला शास्त्र म्हटलं की मला सहन होत नाही.

बारा वर्षांची ही गोष्ट भाषाशास्त्रज्ञ एरिक लेनेबर्ग यांच्या 1967 सालच्या पुस्तकामुळे पसरली. त्यांचा मुख्य विषय होता पहिली भाषा, आणि मोठा आधार होता मेंदूला इजा झालेली मुलं वाचा किती परत मिळवतात याचा. लोकांनी तो मुद्दा उचलून थेट दुसऱ्या भाषेच्या उच्चारांवर लावला. पुढे जेम्स फ्लेगे आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये कॅनडात स्थायिक झालेल्या 240 इटालियन लोकांचं इंग्रजी तपासलं. ही माणसं 2 ते 23 वर्षं या वयात तिथे आलेली. त्यांची वाक्यं रेकॉर्ड करून स्थानिकांना ऐकवली. जो जितका उशिरा आला, त्याची परकी ढब तितकी जास्त, हे खरंच निघालं. पण आलेख हळूहळू उतरत गेला, बाराव्या वर्षी कडा तुटावा तसा तो कोसळला नाही. आणि लहानपणी आलेल्यांपैकीही काहींची ढब ओळखू येत होती.

म्हणजे वयाचा परिणाम आहे, तो नाकारू नका. बाराव्या वर्षी दार बंद होतं, हे मात्र खोटं.

आता वहिनीचं सांगते, कारण तुमच्या घरी हेच चाललंय. 'ळ' तिला तुलनेने लवकर आला. हिंदीत हा ध्वनीच नाही म्हणून तो कठीण, असं सगळ्यांना वाटत होतं. पण नसल्यामुळेच तो तिच्या कानाला वेगळा जाणवला. त्याला स्वतंत्र अक्षरही आहे. मी तिला 'ट'ची जागा पकडायला लावली. जीभ तिथेच टेकवायची, 'ट'सारखा स्फोट करायचा नाही, हवा जिभेच्या दोन्ही कडांनी सोडायची आणि टोक झटकन खाली आणायचं. मग वेल-वेळ, गाल-गाळ, काल-काळ अशा जोड्या.

खरी अडचण 'च'ची होती. 'चांगला', 'चूक', 'चोर', 'चाक' यांतला आपला 'च' दातांजवळचा, जवळजवळ 'त्स'. 'चंद्र', 'चित्र'मधला टाळूचा. लिपीत दोघांना एकच अक्षर. वहिनीला हिंदीतला टाळूचा 'च' पक्का येत होता, म्हणून तिचा कान दातांजवळच्या 'च'लाही त्याच खणात टाकत होता. फ्लेगेंचं म्हणणं हेच आहे: अगदी नवा ध्वनी मोठेपणी शिकता येतो, पण मातृभाषेतल्या ध्वनीशी थोडासाच न जुळणारा ध्वनी हातातून निसटतो, कारण फरक आहे हेच कळत नाही. लोक 'जीभ वळत नाही' म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा अडलेला असतो कान.

हे तपासायला सोपं आहे. 'जग' म्हणजे दुनिया, त्यातला 'ज' टाळूचा. 'जग' म्हणजे 'जगत राहा', त्यातला दातांजवळचा. बायकोने पाठ फिरवून बसावं, तुम्ही दोन्ही उलटसुलट क्रमाने म्हणा आणि कुठला ते तिला सांगू दे. सांगता आलं नाही, तर जिभेचे व्यायाम करून उपयोग नाही. वहिनी इथेच अडली. त्यामुळे आम्ही काही काळ बोलणं बाजूला ठेवून फक्त ऐकणं केलं. आई, दादा, शेजारच्या मावशी, माझा भाचा असे निरनिराळे आवाज फोनवर घेतले, कारण एकाच आवाजावर शिकलं की कान त्या माणसाची लकब पाठ करतो, ध्वनी नाही. ती उत्तर द्यायची, बरोबर की चूक लगेच कळायचं. ही युक्ती माझी नाही. जपानी प्रौढांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' असेच अनेक आवाजांतून ऐकवले, तर फक्त ऐकण्यानेच त्यांचे उच्चारही सुधारले, असं 1997 मध्ये ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

कान तयार झाल्यावर 'उत्सव'मधल्या 'त्स'वरून जीभ लावली आणि मग तो आवाज आखूड करत 'चूक', 'चाक'वर आणला. 'माझा' दातांजवळचा पण 'माझी' टाळूचा, हे कोणी न सांगताच तिने पकडलं. पुढची परीक्षा उलटी होती: चिठ्ठीवर लिहिलेल्या अर्थाचा 'जग' ती म्हणणार आणि चिठ्ठी न पाहिलेला भाचा ओळखणार. तो जवळजवळ दर वेळी ओळखू लागला, तेव्हा मी थांबले. घाईत किंवा थकल्यावर तिचा 'च' अजूनही टाळूला जातो.

आता काकांचं. जन्म इंदूरचा, शाळा हिंदी, रस्त्यावर हिंदी, म्हणजे त्यांच्याच शास्त्राप्रमाणे त्यांची हिंदी निर्दोष हवी. तरी ते 'पैसा'ला 'पइसा' आणि 'और'ला 'अउर' म्हणतात. हिंदीतले 'ऐ' आणि 'औ' इथे एकसंध स्वर आहेत, आपले मराठी दोन स्वरांचे, आणि फरक इतका थोडा की त्यांना तो कधी ऐकूच आला नाही. घरात दिवसभर मराठी हेही कारण आहे. फ्लेगेंच्याच 1997 च्या अभ्यासात लहानपणीच कॅनडात आलेल्यांमध्ये, ज्यांच्या रोजच्या वापरात इटालियन जास्त, त्यांच्या इंग्रजीला ढब जास्त होती. काकांची हिंदी मला आवडते, त्यात काही बिघडलेलं नाही. पण मग वहिनीच्या 'पोल्या'ही कोणाचं नुकसान करत नव्हत्या.

एक गोष्ट राहिली. शंभर टक्के मूळ भाषिकासारखं होईल का, असं विचाराल तर बहुधा नाही. स्वीडनमध्ये 2009 साली अब्राहमसन आणि हिल्टेनस्टॅम यांनी उत्तम स्वीडिश बोलणारे 195 स्पॅनिश भाषिक तपासले. बारानंतर शिकायला लागलेल्यांपैकी अगदी थोडेच ऐकणाऱ्यांना स्थानिक वाटले, आणि बारीक चाचण्या लावल्यावर त्यांच्यातलाही कोणी सगळीकडे पूर्ण उतरला नाही. इतक्यापुरतं तुमचे वडील बरोबर आहेत. पण 'पूर्ण स्थानिक होत नाही' आणि 'सुधारत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या बायकोला दुसरीच ऐकवली जातेय.

जेवणाच्या ताटावर चूक काढणं आधी थांबवा. रेकॉर्डिंगसाठी चारपाच आवाज लागतील. वडील तयार असतील तर त्यातला एक त्यांचा घ्या. आमचे काका नाही म्हणाले.