लिपी एक म्हणून भाषा एक होत नाही

प्रश्न: हिंदी पट्ट्यातला ब्रँड महाराष्ट्रात आणताना नाव आणि स्लोगन तसंच देवनागरीत ठेवावं की मराठी भाषांतर करावं?

नाव ठेवा, स्लोगन नव्याने घडवा. नावाचं भाषांतर केलंत तर ज्या शब्दाचा ट्रेडमार्क घेतलाय तोच पाकिटावरून गायब होतो. पण नाव ठेवा म्हणजे हिंदी पाकीट उचलून आणा असं नव्हे.

मी बिस्किटं-फरसाणाच्या पाकिटांवरचा मराठी मजकूर लिहितो. उत्तरेतल्या एका कंपनीचं बिस्कीट पुण्यात यायचं होतं. पाकिटावर 'क्रैकर', खाली 'खस्ता खाओ, खिलाओ'. मार्केटिंगच्या साहेबांचं म्हणणं, लिपी तीच आहे, 'खाओ'चं 'खा' केलं की झालं मराठी. हिंदीत खस्ता म्हणजे खुसखुशीत. आपल्याकडे खस्ता आईबाप खातात, पोरांच्या शिक्षणासाठी! मी सुचवलं, 'खुसखुशीत, खाऊन तर बघा'. ख-ख चा ठेका राहतो, शब्द आपला येतो. नावात फक्त मात्रा बदलायची होती, 'क्रॅकर'. हिंदीत बैंक, मराठीत बँक, तसंच हे. मराठी माणूस 'क्रैकर'मधला ऐ पुरता उच्चारतो, म्हणजे टीव्हीवर ऐकलेलं नाव दुकानात वेगळंच वाचलं जातं.

साहेबांची खरी अडचण सिलिंडरची होती. असे पाउच ग्रॅव्ह्युअरवर छापतात, दर रंगाला एक कोरलेला सिलिंडर. स्लोगन लाल-पिवळ्या अक्षरांत, वर काळी किनार, म्हणजे एक शब्द बदलायला तीन सिलिंडर नव्याने कोरा. मी म्हटलं, भाषेचा सगळा मजकूर चित्राबाहेर, सपाट पट्टीवर, एकाच गडद रंगात घ्या. मग राज्यागणिक एकच सिलिंडर बदलेल. त्यावर उत्तर आलं, "लोग समझ लेते हैं." पाकीट तसंच बाजारात आलं, आणि आमचा वाणी गिऱ्हाइकाला विचारायचा, "काय, खस्ता खाणार का?"

तेव्हा डिझाइन पक्कं व्हायच्या आधीच मराठी मजकूर मागवा. नमुना दोन-तीन किराणा दुकानांत नेऊन नाव मोठ्याने वाचून घ्या. उच्चार जाहिरातीशी जुळला नाही तर स्पेलिंग चुकलंय.

हां, सरकारी संस्थांचं गणित वेगळं. 'भारतीय स्टेट बँक' हे अर्धं भाषांतर, अर्धं लिप्यंतर, आणि ते बिनबोभाट चालतं. शिवाय दुकान उघडणार असाल तर महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवरचं मराठी देवनागरी नाव इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही, त्यामुळे चुकीची मात्रा पाटीवरही तेवढीच ठळक दिसेल.

आणि कोणी 'देवनागरी तर एकच' म्हणालं तर विचारा, नेपाळीही देवनागरीतच लिहितात, मग काठमांडूचं पाकीट तसंच लखनौला विकाल का?