व्हेट आणि वेट सारखेच का ऐकू येतात?

प्रश्न: मी जळगावचा, इंग्लिशमधला व्हीवाला आणि डब्ल्यूवाला शब्द मला सेमच ऐकू येतो, कानात काही प्रॉब्लेम आहे का?

कान ठीक आहे भाऊ. डोकं परका आवाज आपल्या भाषेतल्या सगळ्यात जवळच्या आवाजाच्या खात्यात टाकतं. इंग्लिश व्हीला खालचा ओठ वरच्या दातांवर घासतो, डब्ल्यूला ओठ गोल होतात, आणि आपला 'व' नेमका मधला, ओठ दातांजवळ जातो पण घासत नाही, म्हणून दोन्ही त्या एकाच 'व'मध्ये जातात आणि फरक गायब. दोघांपैकी एक जर 'व'सारखा आणि दुसरा बिघडलेला 'व' वाटला असता तर थोडाफार कळला असता.

मानसशास्त्रज्ञ कॅथरीन बेस्ट यांची ही थिअरी. त्यांच्या टीमने 1988 मध्ये दाखवलं की इंग्लिश बोलणाऱ्या लोकांना आफ्रिकेतल्या झुलू भाषेतले चटचट जिभेचे आवाज वेगळे ओळखता येतात, कारण ते इंग्लिशच्या कुठल्याच खात्यात बसत नाहीत! पण आपले त आणि ट त्यांना एकच वाटतात.

चेक करायचं तर मित्राला वेगवेगळ्या लोकांची रेकॉर्डिंग उलटसुलट लावायला सांग, डोळे मिटून ओळख, निम्मीच बरोबर आली तर तो अंदाजच. प्रत्येक वेळी बरोबर उत्तर लगेच कळत गेलं तर हळूहळू सुधारतं, नुसतं ऐकत बसून फार नाही.