सेल नसला की ऑर्डरच येत नाहीत

«मी इन्स्टाग्रामवर हातमागाच्या साड्या विकते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात २० टक्के सूट असते. आता एरवी कुणी घेतच नाही, सगळ्या विचारतात, "पुढचा सेल कधी?" सूट बंदच करू का?»

एकदम बंद करू नका. अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीने २०१२ मध्ये कूपनं आणि वारंवारचे सेल काढून टाकून रोजच कमी किंमत ठेवली. कूपनची सवय लागलेलं गिऱ्हाईक फिरकेनासं झालं, वर्षभरात विक्री सुमारे चतुर्थांशाने घसरली आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये प्रमुखाला जावं लागलं.

मी छोट्या कापड विक्रेत्यांची पेजेस सांभाळते, तिथे आधी हिशोब मांडते. समजा साडी १५०० ची, खरेदी, पॅकिंग, कुरिअर धरून खर्च १०००. म्हणजे साडीमागे ५०० सुटतात. २० टक्के सूट दिली की ३०० जातात, उरतात २००. दहा साड्यांवर जे ५००० मिळायचे, त्यासाठी आता पंचवीस विकाव्या लागतात. त्या पंचवीस जणी नव्या असतील तर एक वेळ ठीक. पण तुमच्या तारखा ठरलेल्या आहेत, त्यामुळे जुन्याच बायका थांबून घेत असाव्यात. व्हॉट्सॲप उघडून बघा: विसाव्या तारखेनंतर किंमत विचारून गप्प बसलेल्या कितीजणींनी सेलच्या पहिल्या दिवशी तीच साडी घेतली? त्या पूर्ण किमतीतही घेणाऱ्या होत्या. त्यांच्या लेखी साडीची खरी किंमत आता १२०० झाली आहे.

म्हणून पहिल्यांदा तारीख मोडा. पुढचे दोन-तीन महिने सूट सगळ्या मालावर न देता फक्त शेवटच्या एक-दोन नगांवर द्या आणि कारण स्पष्ट लिहा: "या रंगाच्या दोनच उरल्यात." ही ऑफर स्टोरीत टाका, ती चोवीस तासांत जाते. पोस्ट केली तर सहा महिन्यांनी आलेली बाईसुद्धा खाली स्क्रोल करून १२०० चा आकडा बघते आणि घासाघीस सुरू करते. मुदत संपल्यावर "लोकाग्रहास्तव आणखी दोन दिवस" अजिबात नको, त्याने पुढच्या प्रत्येक मुदतीवरचा विश्वास जातो.

नव्या साड्यांवर किंमत न उतरवता फॉल-पिको मोफत करून द्या. शंभर-सव्वाशेत काम होतं, तिची शिंप्याकडची खेप वाचते आणि १५०० चे १५०० च राहतात. हेही वर्षातून पाडवा, दिवाळी अशा दोनदाच.

सुरुवातीचे दोन महिने विक्री कमी होईल, तेवढा माल कमी भरा. आणि "सेल कधी?" आलं की तारीख सांगू नका. "सध्या ठरलेला नाही, पण ही साडी पुन्हा विणून येईलच असं नाही," एवढंच लिहा, तेही खरं असेल तरच.