मध्यक, मध्यगा आणि पोदेराची वेळ

प्रश्न: भाची म्हापशाला बारावीत आहे, शाळा इंग्रजीतून, पण घरी मी तिला मराठीतून शिकवते. मीडियनला मराठीत मध्यक म्हणू की मध्यगा, दोन्ही वाचलेत. आणि डेन्सिटी दिलेली असताना ‘इंटिग्रल इक्वेशन सोडवून मीडियन आणि सीडीएफ काढा’ असं येतं, त्याला समाकल समीकरण म्हणणं बरोबर आहे का?

उत्तर: मी मध्यक म्हणेन, आणि नुसतं महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात तो शब्द आहे म्हणून नाही. मध्यगा म्हटलं की डोक्यात त्रिकोण येतो, आणि नेमक्या याच विषयात त्रिकोणाची मध्यगा भलत्याच जागी घेऊन जाते. कसं ते उदाहरणानेच सांगतो.

आमच्या वाड्यावर सकाळी पाव विकायला पोदेर येतो तो सहा ते साडेसहाच्या मधे कधीतरी, हॉर्न वाजला की पिशवी घेऊन धावायचं. समजा त्याची वेळ अशी आहे की सहाला येण्याची शक्यता शून्य, तिथून सरळ वाढत वाढत सहा-दहाला सगळ्यात जास्त, आणि मग सरळ उतरत साडेसहाला परत शून्य. म्हंजे घनतेचा आलेख एक त्रिकोण झाला, पाया ३० मिनिटांचा, शिखर १० वर. घनतेखालचं सगळं क्षेत्रफळ १ यायला हवं, म्हणून उंची १/१५. सहानंतरच्या मिनिटांना x म्हणूया:

```
f(x) = x/150          0 ≤ x ≤ 10
f(x) = (30 - x)/300   10 ≤ x ≤ 30
```

इथे घनता हा शब्द मला फार आवडतो कारण तो खोटं बोलत नाही. ती १/१५ म्हंजे ‘सहा-दहाला यायची संभाव्यता’ नव्हे, ती दर मिनिटामागे आहे, वस्तूची घनता जशी दर घनसेंटिमीटरमागे असते तशी. हेच तासात मोजलं तर शिखराची उंची ४ येते, आणि मुलं घाबरतात की संभाव्यता एकाहून मोठी कशी, तर ती संभाव्यता नाहीच, क्षेत्रफळ काढल्यावर ती मिळते.

सीडीएफला संचयी वितरण म्हणा किंवा दहावीतल्या संचित वारंवारतेच्या धर्तीवर संचित वितरण म्हणा, दोन्ही चालेल, महत्त्वाचं आहे ते ‘साचणं’. x मिनिटांपर्यंत किती संभाव्यता साचली, एवढंच F(x) सांगतं. पहिल्या तुकड्यात साचतं x²/300, म्हणून दहाव्या मिनिटाला १/३. दुसऱ्या तुकड्यात शिरताना हा १/३ खिशात घेऊन शिरायचं, आधीचं साचलेलं कुठे जात नाही:

```
F(x) = 1/3 + [400 - (30 - x)²]/600
     = 1 - (30 - x)²/600      10 ≤ x ≤ 30
```

आता मध्यक. निम्मी संभाव्यता साचते ती वेळ m, म्हणजे F(m) = 1/2 पाहिजे. दहाव्या मिनिटापर्यंत १/३ च झालंय, म्हणजे मध्यक दुसऱ्या तुकड्यात, म्हणून (30 - m)² = 300, m = 30 - 17.32 = 12.68. वर्गसमीकरणाचं दुसरं उत्तर ४७.३२ येतं, ते साडेसहाच्या पलीकडचं, सोडून द्यायचं. तर निम्म्या दिवशी पोदेर सहा वाजून साधारण १२ मिनिटं ४० सेकंदांच्या आत येऊन गेलेला असतो.

भाचीच्या वहीत दोन चुका हमखास सापडतील बघा. एक, तुकडा न बघता पहिलंच सूत्र धरून x²/300 = 1/2 सोडवणं, उत्तर १२.२५. ही चूक लबाड आहे कारण उत्तर खऱ्याच्या इतकं जवळ येतं की पटून जातं, पण ते सूत्र १० पर्यंतच लागू होतं आणि उत्तर १० च्या बाहेर, तिथेच पकडायचं. दुसरी, तो १/३ विसरून दुसऱ्या तुकड्याचं संकलन, म्हंजे इंटिग्रेशन, १० पासून नव्याने सुरू करणं, मग मध्यक २० येतो. पकडायची सोपी खूण म्हंजे F(30) काढून बघा, १ ऐवजी २/३ येईल.

आता मध्यगेकडे येतो. त्रिकोणाची मध्यगा शिरोबिंदूतून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत जाते आणि ती क्षेत्रफळाचे दोन सारखे भाग करते हे शाळेत झालेलं असतं. आपल्या त्रिकोणात शिखरावरून काढलेली मध्यगा पायाला १५ वर टेकते, क्षेत्रफळही अर्धं होतं, आणि मूल म्हणतं, झालं की, मीडियन १५! पण ती रेघ तिरपी आहे हो. मध्यकाला उभी रेघ लागते, कारण ‘या वेळेच्या आधी’ आणि ‘या वेळेच्या नंतर’ असेच दोन भाग करायचेत. सहा-पंधरापर्यंत साचतं ०.६२५, अर्ध्याहून बरंच जास्त.

गंमत पुढे आहे. तिन्ही मध्यगा जिथे मिळतात त्या मध्यगासंपाताचा x म्हंजे (0 + 10 + 30)/3 = 13.33, आणि हीच या घनतेची सरासरी. म्हणजे मध्यगा तुम्हाला नेऊन सोडते ती मीनपाशी, मीडियनपाशी नाही! शिखर म्हंजे बहुलक १०, मध्यक १२.६८, सरासरी १३.३३, पायाचा मध्य १५. या चारांपैकी मीडियन कुठला हे शब्दातूनच स्पष्ट राहावं म्हणून माझं मत मध्यकाला. जुन्या पुस्तकात मध्यगा दिसलं तर ते चूक आहे असं मात्र म्हणू नये. लाप्लासने १७७४ मध्ये याच गोष्टीला फ्रेंचमध्ये ‘संभाव्यतेचा मध्य’ अशा अर्थाचे शब्द वापरले होते, आणि मला ते दोन्हीपेक्षा चोख वाटतात, कारण मध्य कशाचा ते त्यात सांगितलंय.

समाकल समीकरणाबद्दल जरा कुरकुर आहे. गणितात ती संज्ञा ज्या समीकरणांसाठी आहे (व्होल्टेरा, फ्रेडहोम यांची) त्यात अज्ञात असतं ते आख्खं फलन, आणि ते संकलनाच्या चिन्हाच्या आत बसलेलं असतं. इथे फलन माहीत आहे, अज्ञात आहे ती फक्त वरची सीमा, एक साधी संख्या:

```
∫₀^m f(t) dt = 1/2
```

म्हणून ‘संकलन असलेलं समीकरण’ म्हणा, बारावीत तेवढं पुरे. आत t आणि सीमेवर m अशी वेगळी अक्षरं ठेवायला सांगा, दोन्हीकडे x लिहिला की कुठला x बदलतोय तेच कळत नाही.

आणि उत्तर एकच यायला हवं असंही नाही. समजा दोन पोदेर आळीपाळीने येतात, एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरा, पहिला सहा ते सहा-दहा आणि दुसरा सहा-चाळीस ते सहा-पन्नास, तर मधल्या अर्ध्या तासात काहीच साचत नाही, F तिथे १/२ वर आडवा पडून राहतो, आणि सहा-दहापासून सहा-चाळीसपर्यंतचं प्रत्येक मिनिट मध्यक ठरतं. पुस्तकं तिथे सोयीसाठी मधला पंचविसावा मिनिट घेतात, ज्या मिनिटाला दोघांपैकी कुणीही कधीच येत नाही.