‘अप्पमाद’ मराठीत कसा आणावा, आणि प्रस्तावनेत त्याविषयी किती लिहावे?

प्रश्न : धम्मपदाच्या मराठी भाषांतराची नवी आवृत्ती तयार होत आहे आणि तिची प्रस्तावना मला लिहायची आहे. जुन्या आवृत्तीत ‘अप्पमाद’ला सरसकट ‘अप्रमाद’ म्हटले होते. तो शब्द ठेवावा की बदलावा? वाचक बहुतेक घरी पठण करणारे उपासक आहेत. त्यांना प्रस्तावनेत कारण कसे सांगावे?

उत्तर : माझ्या मते बदलावा. ‘अप्रमाद’ संस्कृत म्हणून निर्दोष आहे, पण मराठीत तो वाचकाला चुकीच्या वाटेने नेतो. आजच्या मराठीत ‘प्रमाद’ म्हणजे चूक किंवा अपराध. ‘माझ्या हातून प्रमाद घडला’ असे आपण म्हणतो. त्यामुळे ‘अप्रमाद’ म्हणजे ‘चुका न करणे’ असे वाचकाला वाटते. ‘प्रमत्त’ तर आणखी दूर गेला आहे, कारण मराठीत त्याचा अर्थ उन्मत्त, सत्तेने किंवा पैशाने माजलेला असा होतो. दोन्ही शब्द ‘मद्’ या एकाच धातूचे आहेत आणि २१व्या गाथेत ते जोडीनेच येतात :

अप्पमादो अमतपदं, पमादो मच्चुनो पदं ।
अप्पमत्ता न मीयन्ति, ये पमत्ता यथा मता ॥

जुना शब्द ठेवला, तर पहिल्या ओळीत चुकांविषयी आणि दुसरीत माजाविषयी बोलले आहे असा भास होतो आणि गाथेचा सांधाच निखळतो. मुळात येथे भान सुटणे आणि भान राखणे एवढीच गोष्ट आहे. महाभारतातील सनत्सुजातानेही ‘प्रमादं वै मृत्युमहं ब्रवीमि’ असे म्हटले आहे, तेव्हा हा अर्थ एकट्या पालीचा नव्हे. मराठीने मात्र तो हातचा घालवला आहे.

पर्यायी शब्द एका गाथेवर नव्हे, तर संपूर्ण अप्पमादवग्गावर, म्हणजे २१ ते ३२ या बारा गाथांवर घासून पाहावा. ‘जागरूकता’ सुरुवातीला उत्तम वाटते, पण २९व्या गाथेत ‘अप्पमत्तो पमत्तेसु, सुत्तेसु बहुजागरो’ असे आहे. तेथे जागर स्वतंत्रपणे आलेला असल्याने ‘जागरूक आणि जागा’ अशी पुनरुक्ती होते. ‘सजगता’ किंवा ‘स्मृती’ हे शब्द ‘सति’साठी राखून ठेवावे लागतात, कारण २४व्या गाथेत ‘सतीमतो’ आणि ‘अप्पमत्तस्स’ हे दोन्ही शब्द आहेत. ‘दक्षता’ म्हटले की कचेरीतील समिती आठवते. माझी निवड ‘सावधपण’ आणि त्याच्या विरुद्ध ‘गाफीलपण’ ही आहे. ‘गाफील’ मुळात अरबी, म्हणून ग्रंथात नको, असा आक्षेप येईल. पण पमादाच्या इतका जवळचा आणि घराघरांत समजणारा दुसरा शब्द मला माहीत नाही. मग गाथा अशी होते : ‘सावधपण ही अमृताची वाट, गाफीलपण ही मृत्यूची वाट, सावध माणसे मरत नाहीत, गाफील माणसे मेल्यासारखीच असतात.’ ‘पद’साठी ‘वाट’ घेतली ती अट्ठकथेच्या आधाराने. ती ‘अमतपद’ म्हणजे अमृत गाठण्याचा उपाय असे सांगते. नुसते ‘पद’ ठेवले, तर मराठी वाचकाला हुद्दा तरी आठवेल किंवा गाणे तरी.

या निवडीलाही मर्यादा आहे. ३०व्या गाथेत मघवा अप्पमादाने देवांत श्रेष्ठ झाला असे म्हटले आहे. तेथे सातत्याने झटण्याची छटा अधिक आहे आणि ‘सावधपण’ तोकडे पडते. शब्द न बदलता तळटीप द्यावी. कारण शब्द बदलला, तर वग्गाचे सूत्र तुटेल.

प्रस्तावनेत हे सगळे घालू नये. धातू, महाभारत आणि बाद केलेले पर्याय परिशिष्टात जावेत. उपासकांना तीन गोष्टी कळल्या की पुरे : काय बदलले, का बदलले आणि पाठ केलेल्यांनी काय करावे. तिसरी गोष्ट बहुतेक भाषांतरकार विसरतात, आणि ज्यांच्या तोंडी जुने शब्द बसले आहेत त्यांना नवी आवृत्ती परकी वाटू लागते. मजकूर साधारण असा असावा :

‘मागील आवृत्तीतील “अप्रमाद” या शब्दाऐवजी येथे “सावधपण” हा शब्द योजला आहे. मराठीत “प्रमाद” म्हणजे चूक असा अर्थ रूढ झाल्याने गाथेचा आशय झाकला जात होता. मूळ पाली गाथांत काहीही बदल केलेला नाही. पठण पूर्वीप्रमाणेच करावे. ३०व्या गाथेत या शब्दाला प्रयत्नाचीही छटा आहे, ती तळटिपेत दिली आहे.’

‘सुधारित’, ‘अचूक’ असे शब्द या परिच्छेदात येऊ देऊ नयेत. जुन्या भाषांतरकाराचा शब्द चुकीचा नव्हता. तो मूळ भाषेशी प्रामाणिक राहिला होता, आणि तेवढे एक वाक्य त्यांच्याविषयी अवश्य लिहावे.