हजार फॉलोअर्सची थँक्यू पोस्ट टाकताय ना, मग हे वाचा

अभिनंदन गं! रांगोळीच्या पेजला हजार म्हणजे खरंच मेहनत आहे. दहा स्लाइड्स करू नकोस, पाच पुरे.

पहिल्या स्लाइडवर तुझी रांगोळी आणि छोटंसं 'हजार जणांना थँक्यू', आकड्याचा स्क्रीनशॉट नको, कारण मग पोस्ट तुझ्या आकड्याची होते, त्यांची राहत नाही. पुढच्या तीन स्लाइड्स लोकांनी तुला नेमकं काय दिलं त्याच्या. म्हणजे कुणीतरी सांगितलं होतं ना की रंगात थोडी बारीक रेती मिसळ, चिमटीतून एकसारखा सुटतो, तर आधीची गठ्ठे पडलेली रेघ आणि नंतरची रेघ शेजारी शेजारी दाखव, खाली 'हे तुमच्यामुळे'. कमेंट लावायचीच तर आधी त्या व्यक्तीला मेसेज करून विचार, नाही म्हणाली तर नाव झाकून पण नको.

शेवटची स्लाइड सेव्ह करण्यासारखी ठेव, सात ठिपक्यांची एखादी सोपी रांगोळी, ठिपके मोजता येतील एवढी मोठी.

सुरुवातीला सगळे ह्या चुका करतात:
- 'मी एवढी चांगली नाही तरी तुम्ही...' असं लिहिणं. वाचणाऱ्याला 'नाही गं, छानच करतेस' म्हणावंच लागतं.
- कौतुकाच्या कमेंट्सचा कोलाज.
- शेवटी 'माझं काय आवडतं सांगा'. त्याऐवजी 'पुढे कुठली शिकायची, ठिपक्यांची की फुलांची?' असं विचार.

रील, गिव्हअवे वगैरे आत्ता राहू दे. कॅप्शन दोन-तीन ओळींचीच लिही आणि पहिल्या दिवशी येतील तेवढ्या कमेंट्सना स्वतः उत्तर दे.