घोणसदंशाच्या रुग्णवृत्ताचे शीर्षक आणि सूचकशब्द

प्रश्न: रुग्णवृत्ताचे मराठी भाषांतर करताना शीर्षकातले आणि सूचकशब्दांतले शब्द एकच ठेवावेत का?

होय, एका संकल्पनेला दोन्हीकडे एकच शब्द असावा. सांगलीकडच्या एका ऊसतोड मजुराच्या घोणसदंशाचे वृत्त भाषांतरित करताना मी शीर्षकात ‘मूत्रपिंडाची तीव्र इजा’ आणि सूचकशब्दांत ‘मूत्रपिंड निकामी होणे’ असे लिहिले होते. पण हे पर्यायी शब्द नव्हेत, कारण सौम्य इजेत मूत्रपिंड निकामी झालेले नसते, आणि मूळ लेखातही ‘इजा’च होती. म्हणून आधी सूचकशब्द पक्के करून शीर्षक जुळवले: ‘घोणसदंशानंतर मूत्रपिंडाची तीव्र इजा: एक रुग्णवृत्त’. रुग्णवृत्त कसे लिहावे हे सांगणाऱ्या केअर मार्गदर्शिकेनुसार ‘रुग्णवृत्त’ हा शब्द दोन्हीकडे हवा. ‘सर्पदंश’ हा व्यापक शब्द मात्र शीर्षकात नसला तरी सूचकशब्दांत ठेवावा, म्हणजे सापाची जात ठाऊक नसलेल्या वाचकालाही लेख सापडतो.